चार चित्रं, एकच तक्ता: सभेच्या पडद्यावर कोणता आलेख लावायचा?

सप्टेंबर जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या पतसंस्थांत आणि सौहार्द संस्थांत वार्षिक सभेची तयारी सुरू होते. अहवालाची पुस्तिका छापायला जाते, मंगल कार्यालय ठरतं आणि संस्थेतल्या सगळ्यात तरुण कारकुनाला सांगितलं जातं, "तुला कॉम्प्युटर येतोय, पडद्यावर दाखवायला दोन-चार ग्राफ कर." तो बिचारा करतोही. अध्यक्षांना एक आवडतो, खजिनदारांना दुसरा, आणि शेवटी जो जास्त रंगीत असतो तो पडद्यावर जातो.

हा लेख त्या कारकुनासाठी आहे. आलेख तयार कसे करायचे ते इथे नाही. तयार झालेली तीन-चार चित्रं समोर असताना त्यांतलं कोणतं आकडे स्पष्ट दाखवतं आणि कोणतं नकळत फसवतं, हे कसं ओळखायचं तेवढंच घेतलं आहे. एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. संस्था आणि तिचे आकडे सरावासाठी रचलेले आहेत, कुठल्याही खऱ्या संस्थेचे नाहीत.

आधी तक्ता, मग वाक्य

चित्रांकडे बघण्याआधी मूळ आकडे कागदावर घ्या. आपल्या संस्थेचे ३१ मार्चचे आकडे असे आहेत, सगळे कोटी रुपयांत:

| ३१ मार्च | ठेवी | येणे कर्ज | थकबाकी |
|---|---|---|---|
| २०२१ | ४२.० | ३०.० | १.८ |
| २०२२ | ४२.६ | ३०.४ | १.९ |
| २०२३ | ४३.५ | ३१.२ | २.१ |
| २०२४ | ४४.८ | ३२.१ | २.४ |
| २०२५ | ४६.२ | ३३.० | २.७ |

आता या तक्त्यातून सभासदाला काय कळलं पाहिजे ते एका वाक्यात लिहा. मी असं लिहीन: "चार वर्षांत ठेवी आणि कर्ज दोन्ही दहा टक्क्यांनी वाढले, थकबाकी मात्र दीडपट झाली." ओळी पाच असल्या तरी मधली वर्षं चारच आहेत. "पाच वर्षांत" असं लिहिण्याची चूक अहवालांत सर्रास दिसते, म्हणून एकदा बोटावर मोजा.

हे वाक्य लिहिल्याशिवाय चित्रांची तुलना सुरू करू नका. चित्र वाक्याला धरून आहे का, हेच तर पुढे तपासायचं आहे. वाक्यच नसेल तर "हे छान दिसतंय" यापलीकडे बोलायला काही उरत नाही.

आणखी एक गोष्ट आत्ताच विचारून घ्या. पाचही वर्षांची थकबाकी एकाच पद्धतीने मोजली आहे ना? थकबाकी आणि एनपीए हे दोन वेगळे आकडे आहेत. लेखापरीक्षकाच्या कन्नड अहवालातून आकडे उतरवताना एका वर्षी एक आणि दुसऱ्या वर्षी दुसरा रकाना घेतला गेला, तर आलेखात जी उडी दिसेल ती संस्थेची नसेल, रकान्याची असेल. असा दोष चित्र कितीही निरखलं तरी सापडत नाही.

चित्रं शेजारी-शेजारी, एकाच मापात

आपल्याकडे चार चित्रं आली आहेत असं समजू.

क: ठेवींचे उभे स्तंभ, एक्सेलने जसे दिले तसेच.
ख: पाच वर्षांच्या ठेवींची त्रिमितीय पाय, म्हणजे जाड भाकरीसारखी तिरकी ठेवलेली.
ग: एकाच चौकटीत दोन रेषा, डाव्या अक्षावर ठेवी आणि उजव्या अक्षावर थकबाकी.
घ: ठेवींचे स्तंभ शून्यापासून, आणि शेजारी वेगळ्या चौकटीत थकबाकीची टक्केवारी.

चारही चित्रं एका कोऱ्या स्लाइडवर सारख्याच आकारात ठेवा. लहान-मोठी करताना कोपरा धरून ओढा. बाजू धरून ओढलं की चित्र ताणलं जातं, आणि रेषेचा चढ चित्राच्या रुंदी-उंचीवर अवलंबून असतो. तीच रेषा अरुंद उंच चौकटीत डोंगर चढल्यासारखी दिसते आणि पसरट चौकटीत सपाट पडते. म्हणून वेगवेगळ्या आकारातल्या चित्रांची तुलना करण्यात काही अर्थ नाही.

मग चित्रांवरची शीर्षकं पांढऱ्या चौकोनाने झाका. "ठेवींत भरघोस वाढ" असं वर लिहिलेलं असलं की डोळा भरघोस वाढच शोधतो.

चित्र क: पट्टी लावून बघा

चित्र क सगळ्यांना आवडतं. २०२१ चा स्तंभ बुटका, २०२५ चा उंच, मधले पायऱ्यांसारखे चढत गेलेले. आता डावीकडच्या अक्षावरचा सगळ्यात खालचा आकडा वाचा. तिथे ० नाही, ३९ आहे.

स्तंभालेखात डोळा लांबी वाचतो. लांबी खरी असायची तर ती शून्यापासून मोजलेली हवी. इथे २०२१ चा स्तंभ ३९ पासून ४२ पर्यंत, म्हणजे ३ भाग उंच आहे, आणि २०२५ चा ३९ पासून ४६.२ पर्यंत, म्हणजे ७.२ भाग. डोळ्याला दुसरा पहिल्याच्या जवळजवळ अडीचपट वाटतो, प्रत्यक्षात वाढ दहा टक्क्यांची आहे.

आकड्यांवर विश्वास बसत नसेल तर चित्र मोजा. मूळ एक्सेल फाइल हातात नसेल आणि फक्त चित्र आलं असेल तेव्हाही हे करता येतं. चित्र Paint मध्ये उघडा. माऊस फिरवला की खालच्या पट्टीत दोन आकडे बदलत राहतात, त्यातला दुसरा वरून खाली किती पिक्सेल ते सांगतो. समजा स्तंभांचा तळ ५६० वर आहे, पहिल्या स्तंभाचा माथा ४१० वर आणि शेवटच्याचा २०० वर. म्हणजे पहिल्याची उंची १५० आणि शेवटच्याची ३६०. ३६० ला १५० ने भागलं की २.४ येतात. चित्रात २.४ पट, तक्त्यात १.१ पट.

अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड टफ्टी यांनी याच तुलनेसाठी एक साधं गुणोत्तर सुचवलं आहे: चित्रात दिसणारी वाढ भागिले आकड्यांतली खरी वाढ. चित्र प्रामाणिक असेल तर उत्तर १ च्या अगदी जवळ येतं. आपल्या चित्रात दिसणारी वाढ १४० टक्के, खरी १० टक्के, म्हणून उत्तर १४. प्रिंट काढलेला कागद असेल तर साधी फूटपट्टी लावूनही हेच उत्तर येतं.

इथे कारकुनाने लबाडी केली असं समजू नका. एक्सेलला अक्ष स्वतःच ठरवायला सांगितलं की ते सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा बघतं. दोघांतला फरक मोठ्या आकड्याच्या एक-षष्ठांशाहून, म्हणजे साधारण १६.७ टक्क्यांहून कमी असेल, तर अक्ष शून्यापासून सुरू न करता लहान आकड्याच्या थोडं खालून सुरू करतं. आपल्याकडे ४६.२ आणि ४२ यांत ४.२ चा फरक आहे, म्हणजे जेमतेम नऊ टक्के. म्हणून अक्ष आपोआप छाटला गेला. ज्या संस्थेची वाढ संथ असते तिच्याच आलेखात वाढ जोरदार दिसते, कारण आकडे जवळजवळ असले की हा नियम लागू होतो. ज्या संस्थेच्या ठेवी खरोखर दुप्पट झाल्या तिचा अक्ष शून्यापासूनच येतो. दोन संस्थांचे अहवाल शेजारी ठेवणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेलं बरं.

दुरुस्ती सोपी आहे. एक्सेलमध्ये डाव्या अक्षावर उजवी टिचकी मारा, Format Axis उघडा, Bounds खाली Minimum च्या चौकोनात 0 टाका. हाताने टाकलेला आकडा तसाच राहतो, पुढच्या वर्षी नवे आकडे भरले तरी बदलत नाही. कमाल आकडा म्हणजे Maximum मात्र आपोआपवरच सोडा, नाहीतर पुढच्या वर्षीचा स्तंभ चौकटीबाहेर छाटला जाईल.

आता खजिनदार म्हणणार, "अरे, यात वाढच दिसत नाही. पाचही खांब सारखेच दिसायलेत." बरोबर आहे. दहा टक्के वाढ शून्यापासून काढली की एवढीच दिसते. वाढच दाखवायची असेल तर वाढीचाच आलेख काढावा: आधीच्या वर्षापेक्षा ठेवी किती टक्के वाढल्या? तक्त्यावरून हिशेब करा. १.४, २.१, ३.० आणि ३.१ टक्के. हे चार स्तंभ शून्यापासूनच काढले तरी चढते दिसतात, आणि वाढीचा वेग दरवर्षी थोडा थोडा वाढला हे खरंही आहे. फक्त शीर्षकात "ठेवींची वार्षिक वाढ, टक्के" एवढं ठळक हवं. नाहीतर मागच्या रांगेतला सभासद ठेवीच दुप्पट झाल्या असं समजून घरी जाईल.

याच आलेखात मला एक रेषा आडवी घालावीशी वाटते, महागाईची. २०२१-२२ ते २०२४-२५ या चार आर्थिक वर्षांत देशातली किरकोळ महागाई अनुक्रमे ५.५, ६.७, ५.४ आणि ४.६ टक्के होती. आपल्या ठेवींची वाढ चारही वर्षं तिच्या खालीच आहे. रुपयांत ठेवी वाढल्या, पण त्या रुपयांत येणाऱ्या मालाच्या हिशेबाने कमी झाल्या. वर ठेवींवर जमा झालेलं व्याजही या वाढीतच धरलेलं असतं. संचालक मंडळाला ही रेषा आवडेल असं नाही. ती घालायची की नाही हे मंडळ ठरवेल, पण ती नसेल तर "भरघोस" हा शब्दही शीर्षकात नको.

चित्र ख: पाय इथे चालतच नाही

याला फार वेळ देऊ नका. पाय म्हणजे एका संपूर्ण गोष्टीचे वाटे. कर्जापैकी सोनेतारण किती, घरबांधणी किती, वाहन किती, यासाठी ती एकवेळ ठीक. पण ३१ मार्च २०२१ च्या ठेवी आणि ३१ मार्च २०२२ च्या ठेवी यांची बेरीज कशाचीच नसते. बहुतेक ठेवी त्याच आहेत, नव्याने मोजल्या एवढंच. पाच वर्षांची बेरीज २१९.१ कोटी येते आणि एवढे पैसे संस्थेत कधीच नव्हते.

शिवाय दिसतही काही नाही. २०२१ चा वाटा ६९ अंशांचा, २०२५ चा ७६ अंशांचा. सात अंशांचा फरक नुसत्या डोळ्याने सांगणं अवघड, आणि त्रिमितीय चित्रात तर पुढचा वाटा त्याच्या जाड कडेमुळे मोठा वाटतो, मागचा दबतो. पाय फिरवली की मोठा वाटणारा वाटा बदलतो, आकडे तेच राहतात. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना आलेख दाखवून आकड्यांचा अंदाज करायला लावला होता. एकाच अक्षावरची जागा लोक सगळ्यात अचूक ओळखतात, लांबी आणि कोन त्याच्या खाली, असं त्यात दिसलं. चित्र ख बाद.

चित्र ग: दोन अक्षांचा खेळ

हे चित्र सगळ्यात जास्त गोंधळ घालतं, म्हणून इथे थांबू.

डावा अक्ष ३९ ते ४७, त्यावर ठेवी. उजवा अक्ष ० ते १०, त्यावर थकबाकी. ठेवींची रेषा चौकटीच्या साधारण ३८ टक्के उंचीवर सुरू होऊन ९० टक्क्यांपर्यंत जाते. थकबाकीची रेषा तळाशी १८ टक्के उंचीवर सुरू होते आणि २७ टक्क्यांवर संपते, जवळपास आडवी. बघणारा म्हणतो, "ठेवी झपाट्याने वाढल्या, थकबाकी आटोक्यात आहे."

आता तेच आकडे घ्या, फक्त अक्ष बदला. डावा ० ते १००, उजवा १.५ ते ३. ठेवींची रेषा ४२ टक्के उंचीवरून ४६ टक्क्यांवर जाते, म्हणजे आडवीच. थकबाकीची २० टक्के उंचीवरून थेट ८० टक्क्यांवर. बघणारा म्हणतो, "संस्था बुडायलीय." एकही आकडा खोटा नाही आणि दोन्ही चित्रांची गोष्ट अगदी उलटी आहे.

दोन अक्षांच्या चित्रात कोणती रेषा किती चढेल, कुठे एकमेकींना छेदेल, हे काढणारा ठरवतो. म्हणून असं चित्र समोर आलं की एकच चाचणी करा: उजवा अक्ष बदलून पुन्हा काढा. वाक्याचा अर्थ बदलला तर ते चित्र पडद्यावर न्यायचं नाही. मूळ फाइल नसेल तर दोन्ही अक्षांचे खालचे-वरचे आकडे कागदावर उतरवा आणि वर केली तशी प्रत्येक रेषेची सुरुवात आणि शेवट चौकटीच्या किती टक्के उंचीवर येतो ते काढा. दोन्ही अक्षांची सुरुवात वेगवेगळ्या पद्धतीने केलेली असेल, एक शून्यापासून आणि दुसरा मधूनच, तर तिथेच शंका घ्या.

मग ठेवी आणि थकबाकी एकत्र कशी दाखवायची? एकाच अक्षावर दोन्ही घेतल्या तर थकबाकी तळाला चिकटते, कारण ती रक्कमच लहान आहे. आणि मुळात ही जोडीच चुकीची आहे. थकबाकी कर्जाची असते, ठेवींची नव्हे. तिला येणे कर्जाने भागा. २०२१ मध्ये ६.० टक्के, मग ६.३, ६.७, ७.५ आणि २०२५ मध्ये ८.२ टक्के. आता एकच रेषा, एकच अक्ष. कर्ज वाढलं म्हणून थकबाकी वाढली, हा सभेत हमखास येणारा खुलासाही इथेच तपासून होतो. कर्ज वाढलं त्याच प्रमाणात थकबाकी वाढली असती तर टक्केवारी सहावरच राहिली असती.

तिन्ही रकमा एकत्र हव्याच असतील तर २०२१ ला तिघांना १०० धरा. २०२५ मध्ये ठेवी ११०, कर्ज ११० आणि थकबाकी १५० होते. आपलं सुरुवातीचं वाक्य जसंच्या तसं चित्रात उतरतं. अडचण एवढीच की या चित्रात रुपये कुठेच दिसत नाहीत. १.८ कोटींचे २.७ झाले हे बाजूला लिहावं लागतं, नाहीतर १५० म्हणजे दीडशे कोटी का, असं विचारणारा कुणीतरी असतोच.

चित्र घ, आणि रेषेला मिळणारी सवलत

चित्र घ मधल्या डाव्या चौकटीत ठेवींचे स्तंभ शून्यापासून आहेत, प्रत्येकाच्या माथ्यावर आकडा. उजव्या चौकटीत थकबाकीच्या टक्केवारीची रेषा, अक्ष ० ते १०.

नवशिक्यांना शून्याचा नियम सगळीकडे लावायची सवय लागते, म्हणून सांगतो: रेषालेखाला ती सक्ती नाही. रेषेत डोळा लांबी वाचत नाही, बिंदूची जागा आणि चढ वाचतो. टक्केवारीचा अक्ष ५ पासून सुरू केला तर तो खोटेपणा होत नाही, पण खालचा आकडा ठळक हवा आणि रेषेखालचा भाग रंगाने भरलेला नको. रंग भरला की रेषेचा स्तंभ होतो आणि शून्याचा नियम परत लागू होतो. आपल्या आकड्यांत ० ते १० मध्ये चढ पुरेसा स्पष्ट दिसतो, म्हणून शून्य ठेवलेलं चांगलं. "मुद्दाम वाढवून दाखवलं" असं म्हणायला जागा उरत नाही.

न सांगता वाचायला द्या

आतापर्यंतची तपासणी आपण केली, आणि आपल्याला आकडे पाठ आहेत. म्हणून आता ज्याने तक्ता बघितलेला नाही अशा माणसाकडे जा. पिग्मी गोळा करणारा एजंट, संस्थेचा शिपाई, शेजारचा दुकानदार, कुणीही चालेल. एकाला एकच चित्र, दहा सेकंद दाखवा आणि झाका. मग विचारा: "ठेवी किती वाढल्या असं वाटलं? थोड्या, दीडपट, दुप्पट?" आणि "थकबाकीचं काय झालं?" "चांगलंय का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी हो असंच येतं.

चित्र क बघितलेला बहुधा दुप्पट किंवा त्याहून जास्त म्हणेल. चित्र घ बघितलेला "थोड्या वाढल्या, थकबाकी चढलीय" म्हणाला तर ते चित्र आपल्या वाक्यापाशी पोचलं. आणि कुणी विचारलं, "हे निळं कसलं हो?", तर रंगाची किल्ली कोपऱ्यात ठेवण्यापेक्षा नाव रेषेच्या टोकाशीच लिहा.

रंगांबद्दल आपल्या भागापुरतं एक सांगतो. लाल-पिवळा आणि भगवा या रंगांना इथे स्वतःचे अर्थ आहेत. थकबाकीला एक आणि ठेवींना दुसरा दिला, तर सभेत आलेखापेक्षा रंगावरच चर्चा रंगेल. निळा आणि करडा घ्या. लाल-हिरव्याची जोडीही टाळा, कारण काहींना, विशेषतः पुरुषांत, हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत. पुस्तिका बहुतेक वेळा काळी-पांढरी छापतात, म्हणून चित्राची तशी प्रिंट एकदा काढून बघा. दोन रेषा एकसारख्याच करड्या आल्या तर एक तुटक करा.

मंगल कार्यालयातला पडदा

लॅपटॉपवर वाचता येतं ते मागच्या रांगेतून वाचता येईलच असं नाही. याचा हिशेब घरीच होतो. पडदा किती रुंद आहे आणि शेवटची रांग किती लांब, ते विचारून घ्या. समजा पडदा २.४ मीटर आणि शेवटची खुर्ची १८ मीटरवर, म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या साडेसात पट लांब. आपल्या लॅपटॉपचा पडदा साधारण ३४ सेंटिमीटर रुंद असेल, तर त्याच्या साडेसात पट म्हणजे अडीच मीटरवर उभं राहून पूर्ण पडद्यावर चित्र लावा. अक्षावरची वर्षं तिथून वाचता आली पाहिजेत. येत नसतील तर अक्षरं मोठी करा, आणि अजून जागा नसेल तर अक्षावरचे अर्धे आकडे काढून टाका. स्तंभाच्या माथ्यावर आकडा लिहिलेला असला की आडव्या जाळीच्या रेषांची गरजही उरत नाही.

दुपारची सभा, खिडक्या उघड्या, प्रोजेक्टर जुना असला की फिकट रंग नाहीसे होतात. पांढऱ्यावर पिवळी रेषा तर दिसतच नाही.

आपल्याकडे नावं मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही लागतात. दोन भाषांत लिहिलं की अक्षाखालची गर्दी दुप्पट होते आणि एक्सेल ती अक्षरं तिरकी करून टाकतं. म्हणून दोन्ही भाषा शीर्षकात आणि रेषेच्या टोकाशी ठेवा, अक्षाखाली फक्त वर्षाचे आकडे. चित्र पायथनच्या Matplotlib मधून काढलेलं असेल तर मराठी आणि कन्नड अक्षरं मोठी करून एकदा नीट वाचा. त्यात जोडाक्षरं तुटलेली आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला आलेली मी पुष्कळदा पाहिली आहे. अशा वेळी चित्र अक्षरांविना काढून नावं स्लाइडवरच टाइप करणं सोयीचं.

चित्र पाठवताना PNG ठेवा. JPEG मध्ये बारीक अक्षरांच्या कडा पुसट होतात, आणि व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं की ते आणखी दाबलं जातं. पाठवायचंच तर Document म्हणून पाठवा.

पडद्यावर जाण्याआधी

निवड चित्र घ ची झाली. झाकलेलं शीर्षक आता उघडा आणि वाचा. "संस्थेची दमदार वाटचाल" असं काही असेल तर ते काढून आपलं पहिलं वाक्यच तिथे टाका. चित्राच्या तळाशी एक बारीक ओळ हवी: आकडे कोटी रुपयांत, प्रत्येक वर्षी ३१ मार्च अखेर, लेखापरीक्षित अहवालातून, आणि थकबाकी म्हणजे नेमकं काय धरलं ते. २०२५ चे आकडे लेखापरीक्षणाआधीचे असतील तर त्या एका स्तंभाला वेगळी छटा द्या आणि तसं लिहा.

चित्र क मात्र फाइलमधून काढून टाका. ते फोल्डरमध्ये राहिलं की छापखान्यात पुस्तिका लावणारा तेच उचलतो, कारण ते जास्त उठून दिसतं, आणि मग पडद्यावर एक आलेख आणि सभासदाच्या हातात दुसरा अशी सभा सुरू होते. पुस्तिकेत चित्र घ खाली वरचा पाच ओळींचा तक्ताही छापून घ्या. कुणी उठून "२०२३ ला किती होती?" असं विचारलं तर पान नंबर सांगता येतो.